चक्रीय साठामोजणी

चक्रीय साठामोजणी म्हणजे गोदामातील संपूर्ण माल वर्षातून एकदा, कामकाज थांबवून मोजण्याऐवजी रोज त्याचा थोडा थोडा भाग ठरलेल्या क्रमाने मोजण्याची पद्धत. व्यवहारात तिला सायकल काउंट असे म्हणतात. वर्षभरात प्रत्येक वस्तूची किमान एक फेरी पूर्ण होते. ज्या वस्तूंच्या नोंदी चुकण्याची शक्यता अधिक, त्यांच्या फेऱ्या अधिक होतात. ज्या गोदामाला दोन-तीन दिवस दरवाजे बंद ठेवणे परवडत नाही, त्याला ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

वार्षिक मोजणी आणि चक्रीय मोजणी यांच्यात केवळ वेळापत्रकाचा फरक आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात दोहोंचा हेतू वेगळा आहे. वार्षिक मोजणी वहीतील आकडा दुरुस्त करते. चक्रीय मोजणी तो आकडा कशामुळे चुकला ते शोधते. मार्चअखेरीस एखादी वस्तू बारा नगांनी कमी भरली, तर ती चूक मागील एप्रिलातील की कालची, हे सांगता येत नाही. चालान फायलीत गेलेले असते आणि माल उतरवून घेणारा कामगारही कदाचित बदललेला असतो. तीच तफावत घडल्यापासून आठवड्याभरात हाती लागली, तर तिचा माग काढता येतो. कार्यक्रमाची आखणी करताना हा फरक विसरला गेला की चक्रीय मोजणी म्हणजे वार्षिक मोजणीचे वर्षभर चालणारे तुकडे एवढेच उरते, आणि त्याच त्या चुका दर तिमाहीत नव्याने दुरुस्त होत राहतात.

## नोंद आणि माल यांतील अंतर

संगणकात दिसणारा साठा आणि फडताळावरील साठा यांत फरक असणे हा अपवाद नव्हे. निकोल डीहोराशियस आणि अनंत रामन यांनी एका किरकोळ विक्रेत्याच्या ३७ दुकानांमधील सुमारे ३,७०,००० साठानोंदी तपासल्या. २००८ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नसल्याचे आढळले. दुकान आणि गोदाम यांत फरक आहे, हे खरे. गोदामात ग्राहक स्वतः माल हाताळत नाहीत, त्यामुळे तेथील स्थिती साधारणतः बरी असते. परंतु चूक जन्माला येण्याची ठिकाणे दोन्हीकडे तीच आहेत: माल उतरवून घेणे, तो खणात लावणे, मागणीनुसार खणातून काढणे, परत आलेला माल स्वीकारणे आणि या प्रत्येक कृतीची नोंद करणे.

यांपैकी बहुतेक चुका चोरीच्या नसतात. पेटी आणि नग यांची गल्लत, सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंची अदलाबदल, एकाच चालानाची दोनदा झालेली नोंद, फुटलेला माल बाजूला काढला पण वहीतून कमी केला नाही, अशा साध्या कारणांनी आकडा ढळतो. अशी प्रत्येक चूक मोजणीत आपली विशिष्ट खूण सोडून जाते. ती वाचता येणे हेच या कामातील खरे कौशल्य.

## विवेचनासाठी घेतलेले गोदाम

पुढील आखणी समजण्यास सोपी जावी म्हणून एक प्रातिनिधिक गोदाम गृहीत धरले आहे. भिवंडी किंवा चाकण परिसरात आढळते तसे हे यंत्रांच्या सुट्या भागांचे घाऊक गोदाम आहे. त्यात बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, नट-बोल्ट अशा ६,००० प्रकारच्या वस्तू असून त्या सुमारे ९,००० खणांत ठेवलेल्या आहेत. म्हणजे एका वस्तूला सरासरी दीड खण. काम सकाळी ७ ते रात्री ११ अशा दोन पाळ्यांत, वर्षाचे सुमारे ३०० दिवस चालते. कारखान्यांचे बंद पडलेले यंत्र सुरू होण्यासाठी भाग त्याच दिवशी हवा असतो, त्यामुळे गोदाम बंद ठेवले की ग्राहक दुसरीकडे जातो. पुढील आकडे या गृहीत गोदामाचे आहेत. गणिताची रीत मात्र कोठेही तीच राहते.

## कोणती वस्तू किती वेळा

सर्व वस्तू सारख्याच वेळा मोजणे हे सोपे असले तरी फायद्याचे नाही. बहुतेक गोदामांत वस्तूंचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले जातात. थोड्या वस्तूंमध्ये एकूण उलाढालीचा मोठा भाग सामावलेला असतो, या इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेटो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निरीक्षणावर हे वर्गीकरण आधारलेले आहे. साठाव्यवस्थापनात ते रूढ करण्याचे श्रेय जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. फोर्ड डिकी यांच्या १९५१ मधील लेखाला दिले जाते.

वर्ग पाडण्याचा रूढ निकष म्हणजे वर्षभरात खपलेल्या मालाची रुपयांतील किंमत. खरेदीचे नियोजन करताना तो योग्य आहे. मोजणीसाठी तो अपुरा पडतो. कपाटात सहा महिने हात न लागलेले महागडे बेअरिंग चुकण्याची शक्यता फारशी नसते, तर महिन्यातून चाळीस वेळा हाताळला जाणारा स्वस्त ऑइल सील सहज चुकतो. साठा बसल्या जागी चुकत नाही, हात लागला की चुकतो. म्हणून मोजणीसाठी वर्ग ठरवताना किमतीच्या जोडीने वर्षातील जावक नोंदींची संख्याही पाहावी आणि दोहोंपैकी ज्या निकषाने वस्तू वरच्या वर्गात जाईल तो मानावा.

गृहीत गोदामात या रीतीने अ वर्गात ६००, ब वर्गात १,२०० आणि क वर्गात ४,२०० वस्तू आल्या, असे समजू. अ वर्ग वर्षातून सहा वेळा, ब वर्ग तीन वेळा आणि क वर्ग एकदा मोजायचा ठरवला, तर अनुक्रमे ३,६००, ३,६०० आणि ४,२००, अशा एकूण ११,४०० मोजण्या होतात. कामाचे दिवस ३०० असले तरी सणापूर्वीचे दिवस, महिनाअखेर आणि कर्मचाऱ्यांच्या रजा वगळून २५० दिवसच मोजणीचे धरावेत. म्हणजे रोज सुमारे ४६ वस्तू, म्हणजेच जवळपास ७० खण.

एका खणापर्यंत चालत जाणे, खण ओळखणे, मोजणे आणि आकडा भरणे यांस सरासरी ४ मिनिटे लागली, तर ७० खणांना २८० मिनिटे, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास वेळ लागतो. फेरमोजणीची भर पडली की एका माणसाचा दिवस पुरा होतो. तफावतींचा शोध घेण्यासाठी पर्यवेक्षकाचे रोजचे दोन-तीन तास याखेरीज द्यावे लागतात. अनेक कार्यक्रम नेमके येथेच फसतात: मोजणीला माणूस दिला जातो, शोधाला वेळ दिला जात नाही. हाताशी माणूसबळ कमी असेल, तर फेऱ्या कमी कराव्यात. अ वर्ग सहाऐवजी चार वेळा मोजला, तर वर्षाच्या १,२०० मोजण्या वाचतात. शोधाचा वेळ मात्र कापू नये.

मोजणीचा खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे. खणात माल थोडा असेल तेव्हा मोजणे सोपे जाते आणि खण रिकामा झाला की मोजायचे काहीच उरत नाही. म्हणून शेवटचा नग काढणाऱ्या कामगाराला हातातील यंत्राने ‘खण रिकामा आहे का?’ असा प्रश्न विचारावा. त्याने नाही म्हटले, तर एक तफावत जवळपास फुकटात सापडते.

## आधी छोटा गट

संपूर्ण वेळापत्रक पहिल्याच दिवशी सुरू करण्याचा मोह टाळावा. सुरुवातीला ६० वस्तूंचा एक नियंत्रण गट निवडतात. त्यात तिन्ही वर्गांतील, वेगवेगळ्या गल्ल्यांतील, सुट्या नगांच्या आणि पेट्यांच्या, वजनावर मोजल्या जाणाऱ्या अशा सर्व तऱ्हांच्या वस्तू असाव्यात. रोज सहा वस्तू मोजल्या, तर दहा कामाच्या दिवसांत गट एकदा पुरा होतो आणि ६० दिवसांत त्याच्या सहा फेऱ्या होतात.

त्याच त्या वस्तू पुन्हा मोजण्यात वेळ वाया जातो, असे प्रथमदर्शनी वाटते. पण पहिल्या फेरीत सापडलेली तफावत किती जुनी आहे हे कळत नाही. ती अनेक वर्षांचे ओझे असू शकते. पहिल्या फेरीत आकडा नीट करून ठेवलेली वस्तू दुसऱ्या फेरीत पुन्हा चुकली, तर कारण गेल्या दहा दिवसांतील आहे हे निश्चित होते. मधल्या काळातील आवक-जावकीच्या नोंदी मोजक्याच असतात आणि त्या एकेक करून तपासता येतात. सलग दोन-तीन फेऱ्यांत नव्या तफावती जवळजवळ थांबल्या, की मगच मोजणी सर्व ६,००० वस्तूंवर न्यावी. त्या थांबत नसतील, तर वेळापत्रक वाढवून काही साधत नाही. तेवढ्याच चुका अधिक ठिकाणी सापडतात.

## चालत्या गोदामात मोजणे

बंद गोदामात मोजताना माल स्थिर असतो. चालत्या गोदामात मोजणीदार खणापाशी उभा असतानाच कोणी माल काढत असते, तर कोणाची नोंद व्हायची राहिलेली असते. माल हलण्याचा क्षण आणि नोंद होण्याचा क्षण यांतील हे अंतर म्हणजे चक्रीय मोजणीतील सर्वांत अवघड भाग. पुढील उदाहरणात तो उलगडून दाखवला आहे.

6204-2RS आणि 6204-ZZ ही दोन बेअरिंग घेऊ. दोन्हींचा आतील व्यास २० मिमी, बाहेरील ४७ मिमी आणि रुंदी १४ मिमी आहे. फरक एवढाच की पहिल्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असते, दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे कवच. गोदामात पहिले बेअरिंग खण १२-०३ मध्ये आणि दुसरे त्याला लागून असलेल्या खण १२-०४ मध्ये आहे.

सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी मोजणीदार खण १२-०३ पाशी येतो. संगणकातील नोंद २४० नगांची आहे. खणात २०० सापडतात. तफावत ४० नगांची. घाईने संगणकातील आकडा २०० केला, तर काय होईल? त्याच सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी एका कामगाराने या खणातून ३० नग काढून गाड्यावर ठेवले होते. त्याची फेरी संपून नोंद पक्की झाली ती १०:३० वाजता. आकडा आधीच २०० केलेला असल्याने संगणकाने त्यातून पुन्हा ३० वजा केले आणि नोंद १७० वर आली. खणात मात्र २०० नग आहेत. म्हणजे मोजणीनेच ३० नगांची नवी चूक निर्माण केली. पुढच्या फेरीत हीच वस्तू ३० ने जास्त भरेल, कोणीतरी तो आकडा पुन्हा ‘दुरुस्त’ करील आणि झोपाळा चालू राहील. एखाद्या वस्तूची तफावत एकदा उणे, एकदा अधिक अशी हेलकावे खाताना दिसली, तर प्रथम वेळेच्या या चुकीचा संशय घ्यावा.

यावर उपाय दोन आहेत. मोजणी होईपर्यंत तेवढा एकच खण काही मिनिटांसाठी संगणकात रोखून धरता येतो. बाकी गोदाम चालू राहते. किंवा सकाळी ७ पूर्वी, आदल्या रात्रीच्या सर्व नोंदी पक्क्या झाल्यावर आणि पहिली मागणी काढण्याआधी मोजणी उरकता येते. गृहीत गोदामात एका माणसाला पावणेपाच तासांचे काम त्या वेळेत बसवता येणार नाही, म्हणून अ वर्गातील सतत हलणाऱ्या वस्तू पहाटेच्या वेळेत आणि उरलेल्या दिवसा, खण रोखून मोजणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. दोन्ही पर्यायांत तफावत आढळल्यावर पहिले काम एकच: काढलेला पण नोंद न झालेला, आणि आलेला पण खणात न लागलेला माल शोधणे. वरील उदाहरणात गाड्यावरील ३० नग हिशेबात धरल्यावर खरी तफावत ४० वरून १० वर येते.

## दहा नगांचा शोध

उरलेल्या दहा नगांची फेरमोजणी दुसऱ्या माणसाने करावी; पहिल्यालाच परत पाठवले तर तो आपला पहिला आकडा आठवत मोजतो. फेरमोजणीतही २०० च निघाले. त्या दिवशीच्या यादीत खण १२-०४ देखील होता. तेथील 6204-ZZ ची नोंद १५० आणि मोजणी १६० आली: दहा नग जास्त.

शेजारच्या किंवा सारख्या नावाच्या दोन वस्तूंमध्ये समान आणि विरुद्ध तफावत आढळणे, ही अदलाबदलीची ठळक खूण आहे. खण १२-०४ मधील खोकी एकेक करून पाहिली असता त्यांत दहा नगांचे एक खोके 6204-2RS चे निघाले. पहिल्या मोजणीदाराने खोकी मोजली होती, त्यांवरील अक्षरे वाचली नव्हती.

येथे दोन्ही खणांच्या आकड्यांत फेरफार केला असता, एकात दहा कमी आणि दुसऱ्यात दहा अधिक, तर कागदावर सर्व काही जुळले असते. दोन्ही बेअरिंगांची किंमत जवळपास सारखी असल्याने हिशेबात तफावत शून्यच दिसली असती. आणि ते खोके पुढे कधीतरी पत्र्याच्या कवचाचे म्हणून विकले गेले असते. रबरी सील धूळ आणि ओलावा अधिक चांगल्या रीतीने अडवते, पण उष्णता आणि वेग यांच्या बाबतीत त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. म्हणजे चुकीचा भाग एखाद्या यंत्रात बसला असता आणि त्याचे मूळ एका ‘जुळलेल्या’ मोजणीत असते. योग्य दुरुस्ती ही की आकड्यांना हात न लावता खोके उचलून शेजारच्या खणात ठेवणे.

शोध येथे थांबवता येत नाही. खोके चुकीच्या खणात गेले कसे? माल लावणाऱ्या कामगाराच्या हातातील यंत्राच्या पडद्यावर वस्तूचे नाव जागेअभावी `6204` एवढेच दिसत होते आणि खणावरील पट्टीचा संकेत न वाचताही नोंद पक्की करता येत होती. कामगाराचा दोष म्हणावा तर त्याने पडद्यावर दिसलेलेच वाचले होते. त्यावर तीन उपाय झाले: पडद्यावर पूर्ण नाव दिसेल अशी सोय केली, माल लावताना खणाची पट्टी स्कॅन करणे सक्तीचे केले आणि दोन्ही बेअरिंगांपैकी एक दुसऱ्या गल्लीत हलवले. उपाय लागू पडला की नाही, हे तीन आठवड्यांनी त्याच दोन वस्तू पुन्हा मोजून पाहावे. अशाच रीतीने कापल्या जाणाऱ्या इतर नावांची यादी काढली, तर न मोजताही अनेक चुका टळतात. दहा नगांच्या शोधात दीड तास गेला तरी तो वाया गेला असे म्हणता येत नाही, ते याचमुळे.

इतर काही खुणाही वाचता येतात. तफावत पेटीतील नगांच्या पटीत असेल, उदाहरणार्थ बाराची पेटी असताना २४ किंवा ३६, तर पेटी आणि नग यांची गल्लत झालेली असते. तफावत नुकत्याच आलेल्या एखाद्या आवकीइतकीच असेल, तर ती नोंद राहून गेली किंवा दोनदा झाली. तफावत नेहमीच थोडी उणे राहत असेल, तर न नोंदवलेली तूटफूट, मागणीपेक्षा अधिक नग देण्याची सवय किंवा चोरी यांकडे पाहावे. यांत चोरीचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. तो आधी घेतला गेला की कामगार तफावती सांगण्याऐवजी झाकू लागतात.

## मोजणीदाराला काय दाखवावे

मोजणीदाराला संगणकातील आकडा आधी सांगू नये. २४० हा आकडा समोर असला की डोळे नकळत २४० पर्यंत पोहोचतात. आकडा झाकून केलेल्या या आंधळ्या मोजणीत फेरमोजण्या वाढतात, हा तिचा तोटा. त्यावर तोडगा असा की हातातील यंत्राने आकड्यांची तुलना मनातल्या मनात करावी आणि फरक मर्यादेबाहेर असेल तर ‘पुन्हा मोजा’ एवढेच सांगावे. फरक किती आणि कोणत्या बाजूचा, हे सांगू नये.

मर्यादा म्हणजे मान्य फरक. बेअरिंगसारख्या सुट्या, मोजता येण्याजोग्या वस्तूला तो शून्य असावा. नट-बोल्टसारख्या वजनावर मोजल्या जाणाऱ्या वस्तूला शून्य मर्यादा लावली, तर रोज निष्फळ फेरमोजण्या होतात. तेथे १ ते २ टक्के सवलत समजूतदारपणाची. वजनावर मोजताना एका नगाचे वजन दहा नगांवरून न काढता शंभर नगांवरून काढावे, कारण नमुन्यातील किंचित चूकही हजारो नगांत गुणली जाते.

आणखी एक उणीव यादीप्रमाणे केलेल्या मोजणीतच आहे. यादी संगणकातून निघते, म्हणून ती संगणकाला ठाऊक असलेल्या जागीच मोजणीदाराला पाठवते. संगणकाच्या लेखी रिकाम्या असलेल्या खणात पडून राहिलेला माल अशा मोजणीत कधीच सापडत नाही. त्यामुळे वस्तूनिहाय मोजणीच्या जोडीला दर तिमाहीत प्रत्येक गल्लीतून एक फेरी काढावी लागते. तीत नग मोजायचे नसतात. फडताळावर जे दिसते ते नोंदीत आहे का आणि रिकामा म्हणून नोंदलेला खण खरोखर रिकामा आहे का, एवढेच पाहायचे असते.

## अचूकता कशी मोजावी

साठानोंदींची अचूकता म्हणजे मोजलेल्या नोंदींपैकी मान्य मर्यादेत जुळलेल्या नोंदींचे शेकडा प्रमाण. एका महिन्यात ९५० वस्तू मोजल्या आणि त्यांपैकी ९०३ जुळल्या, तर अचूकता सुमारे ९५ टक्के होते. उद्योगांचे मूल्यमापन करणाऱ्या ऑलिव्हर वाइट संस्थेच्या ‘अ श्रेणी’ निकषांत ९५ टक्के अचूकता ही किमान अपेक्षा मानली गेली आहे.

अनेक गोदामे याऐवजी रुपयांतील निव्वळ तफावत दाखवतात. ‘पाच कोटींच्या साठ्यात फक्त वीस हजारांचा फरक’ हे ऐकायला उत्तम वाटते, पण त्यात अधिक आणि उणे तफावती एकमेकींना गिळून टाकतात. बेअरिंगांच्या उदाहरणात रुपयांतील निव्वळ तफावत जवळपास शून्य होती आणि दोनपैकी दोन नोंदी चुकलेल्या होत्या. हिशेबनीसाला पहिला आकडा लागतो, गोदामाला दुसरा. अचूकता वर्गवार वेगवेगळी काढणेही गरजेचे आहे. अन्यथा क्वचित हलणारा क वर्ग सरासरी वर खेचतो आणि अ वर्गातील दुखणे झाकले जाते. महिन्याची अचूकता एकाएकी ९९ टक्क्यांच्या वर गेली, तर आनंदापूर्वी आंधळी मोजणी खरोखर आंधळी राहिली आहे का, याची खात्री करून घ्यावी.

## फेरफाराचा अधिकार आणि लेखापरीक्षण

कारण शोधूनही तफावत उरली, तर नोंदीत फेरफार करावा लागतो. ज्याच्या ताब्यात माल आहे किंवा ज्याने तो मोजला आहे, त्याला फेरफार मंजूर करण्याचा अधिकार नसावा. ठराविक रकमेपर्यंत पर्यवेक्षक आणि त्यावर व्यवस्थापक किंवा लेखाविभाग, अशी पायरी ठेवतात. प्रत्येक फेरफारासोबत कारण लिहिलेले असावे, आणि ‘मोजणी तफावत’ हे कारण म्हणून स्वीकारू नये, कारण ते तफावतीचे दुसरे नाव आहे.

भारतात या फेरफारांना कराची बाजूही आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५)(ह) नुसार हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावरील कराची वजावट मिळत नाही. म्हणून एका वस्तूची तूट दुसऱ्या वस्तूच्या वाढीत परस्पर वळती करून टाकण्याची प्रथा केवळ गैरशिस्तीची नव्हे, तर पुढे जड जाणारी असते. वस्तूनिहाय, सकारण नोंद ठेवणेच इष्ट.

वार्षिक मोजणी बंद करण्यापूर्वी लेखापरीक्षकांशी बोलणे आवश्यक आहे. ज्या कंपन्यांना कंपनी (लेखापरीक्षक अहवाल) आदेश, २०२० लागू होतो, त्यांच्या लेखापरीक्षकाला व्यवस्थापनाने साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी वाजवी कालांतराने केली का, तिची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती का, आणि साठ्याच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली असल्यास तिचा हिशेबात नीट विचार झाला का, यांवर मत द्यावे लागते. आदेशात ‘वाजवी कालांतर’ असे शब्द आहेत. वर्षाच्या शेवटच्या दिवशीच मोजले पाहिजे, असे म्हटलेले नाही. चक्रीय मोजणीला जागा आहे ती येथे. मात्र प्रत्येक वस्तू वर्षातून किमान एकदा मोजली गेल्याचा पुरावा, मूळ मोजणीपत्रके, फेरमोजण्या आणि मंजूर फेरफार हे सर्व दाखवता आले पाहिजे. क वर्गाची एकमेव फेरी वर्षअखेरीस ढकलत नेणाऱ्या गोदामांची येथे अडचण होते: मार्च उजाडतो आणि हजारभर वस्तू मोजायच्या राहिलेल्या असतात. यासाठी दर महिन्याला क वर्गातील न मोजलेल्या वस्तूंची संख्या पाहावी. गृहीत गोदामात ती सहा महिन्यांनी २,१०० च्या आसपास असायला हवी.

बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी दोन्ही पद्धती सोबत चालवतात. चक्रीय मोजणी वर्षभर चालते आणि वर्षअखेरीस एक शेवटची संपूर्ण मोजणी, किंवा लेखापरीक्षकांनी निवडलेल्या नमुन्याची मोजणी होते. तिच्यातील अचूकता चक्रीय मोजणीने दाखवलेल्या अचूकतेशी जुळली, तर पुढच्या वर्षी गोदाम बंद ठेवण्याची गरज उरत नाही. ती लक्षणीयरीत्या कमी निघाली, तर दोष बहुधा यादीबाहेरच्या खणांत किंवा झाकलेल्या आकड्यांत असतो आणि तेथूनच पुन्हा सुरुवात करावी लागते.